बिनव्याजी फ्रिज आणि दोन हजारांची सूट

रविवारी सकाळी रामबागेतल्या ओटल्यावर पोहे आले, वर शेव आणि जीरावन पडलं, आणि सुनीलने खिशातून एक कागद काढला. महाराणी रोडच्या एका दुकानात त्याने फ्रिज पसंत केला होता. पाटीवर किंमत ३६,००० आणि तिच्याखाली लाल अक्षरांत ‘नो कॉस्ट ईएमआय, महिना फक्त ३,०००’. बारा हप्ते, म्हणजे बरोबर ३६,०००.

“यात व्याज आहे कुठे?” सुनील म्हणाला. “बारा त्रिक छत्तीस. पैसे माझ्याकडे आहेत, पण ते एफडीत राहू देतो, सात टक्के मिळताहेत. हप्ते पगारातून जातील.”

मी विचारलं, “रोख दिले तर कितीला देतो म्हणाला?”

“चौतीस हजार. पण ती सूट हप्त्यावर मिळत नाही.”

मी बरीच वर्षं पतसंस्थेत कर्जाचं काम केलंय, त्यामुळे अशा वेळी मला गप्प बसवत नाही. म्हटलं, अरे, मग फ्रिजची किंमत ३४,००० आहे. पाटीवर छत्तीस लिहिलेत म्हणून ती छत्तीस होत नाही. आज ३४,००० देऊन जी वस्तू घरी येते, तिच्यासाठी तू वर्षभरात ३६,००० देणार. वरचे दोन हजार उधारीचेच.

बाळ्याने लगेच भागाकार केला. “दोन हजार भागिले चौतीस हजार, सहा टक्के सुद्धा नाहीत. एफडीत सात मिळतात. सुनील बरोबर आहे.”

बाळ्याची चूक अगदी नेहमीची आहे, आणि तिच्यातच बहुतेक माणसं फसतात. पण त्याआधी तो आकडाच अपुरा होता. मी सुनीलला म्हटलं, दुकानदाराने बिलाचा नमुना दाखवला असेल तो काढ. फोनवर फोटो होता. त्यात एक ओळ होती, ‘ईएमआय डिस्काउंट २,७६२’. सगळी गंमत तिथे आहे. हे हप्ते क्रेडिट कार्डावर होतात आणि बँक त्यांवर १५ टक्के व्याज लावते. ते वर्षाचं व्याज २,७६२ होतं, म्हणून तेवढी रक्कम किमतीतून आधीच कमी करून ३३,२३८ चं कर्ज उभं करतात. मग बँक त्यावर व्याज चढवून ३,००० चा हप्ता घेते आणि बेरीज पुन्हा ३६,००० वर येते. म्हणजे व्याज आहेच, फक्त त्याच्या बरोबरीची सूट देऊन ते झाकलंय. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवलं होतं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही.

अण्णा पोहे खाता खाता म्हणाले, “मग त्या व्याजावर जीएसटी लागत असेल.”

“लागतो, अण्णा. तुम्ही नेमकं धरलंत.” व्याजावर १८ टक्के. २,७६२ वर ४९७ रुपये, आणि ते ग्राहकाच्या खिशातून, हप्त्याच्या वर. पहिल्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये व्याज ४१५ आणि जीएसटी ७५ दिसेल, शेवटच्या महिन्यात जीएसटी सहा-सात रुपये. शिवाय प्रोसेसिंग फी १९९, तिच्यावरही जीएसटी, म्हणजे २३५. हा तपशील पाटीवर नसतो, पुढच्या महिन्यात स्टेटमेंटवर दिसतो.

आता बेरीज केली. ३६,००० अधिक ४९७ अधिक २३५, झाले ३६,७३२. रोखीपेक्षा २,७३२ जास्त.

“तरी आठ टक्के,” बाळ्या हटेना. “सातच्या एफडीला एक टक्क्याचा फरक. त्यासाठी एवढं डोकं?”

मी पोह्याच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर बारा रेघा ओढल्या. म्हटलं, बघ, चौतीस हजार वर्षभर तुझ्याकडे राहतात का? पहिला हप्ता गेला की एकतीस उरले. सहा हप्ते गेले की निम्मे. शेवटच्या महिन्यात दुकानदाराचे म्हणून तुझ्याकडे तीनएक हजार. म्हणजे सरासरी काढली तर वर्षभर तू चौतीस नव्हे, साधारण १८,४०० वापरलेस. त्या १८,४०० चं भाडं २,७३२. भाग आता.

बाळ्याने फोनवर भागलं आणि फोन माझ्याकडे फिरवला. १४.८.

सरासरी काढायची रीत सोपी आहे. रोख किमतीला हप्त्यांची संख्या अधिक एक याने गुणायचं आणि हप्त्यांच्या दुपटीने भागायचं. ३४,००० गुणिले १३ भागिले २४. अंदाज आहे, पण मी एक्सेलमध्ये ताडून पाहिला. आज हातात खरोखर पडतात ३४,००० वजा फी, म्हणजे ३३,७६५. हप्ता जीएसटीसकट सरासरी ३,०४१. मग:

```
=RATE(12,-3041,33765)*12
```

उत्तर साधारण १४.६ टक्के. जीएसटी सुरुवातीला जास्त जातो, म्हणून खरा दर याच्या किंचित वर, १४.७ च्या आसपास. म्हणजे ज्याला ‘नो कॉस्ट’ म्हणतात तो बँकेच्या १५ टक्क्यांच्या दारात उभा आहे.

सुनीलचा चेहरा जरा पडला. मग म्हणाला, “ठीक आहे, तीन महिन्यांचं करतो. कमी महिने, कमी व्याज.”

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. तीन हप्ते १२,००० चे. जीएसटी कमी लागेल, १५९ च्या आसपास, फी तीच २३५. पण रोखीची सूट पूर्ण २,००० च हुकते, ती महिने बघून कमी होत नाही. जास्तीचे २,३९४ झाले. आणि पैसे वापरलेस ते तीनच महिने, तेही सरासरी २२,६६७. वर्षाच्या हिशेबाने धरलं तर दर ४२ टक्के.

“बेचाळीस?” बाळ्याने स्वतः पुन्हा मांडलं. तेवढेच आले.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझा हिशेब अर्धवट राहील. दुकानदार रोखीवर एक रुपयाही सोडत नसेल, तर बारा महिन्यांच्या योजनेचा जास्तीचा खर्च फक्त जीएसटी आणि फी, ७३२ रुपये. त्याच रीतीने दर पावणेचार टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे सातच्या एफडीपेक्षा कमीच. तेव्हा सुनीलचं मूळ म्हणणं खरं ठरलं असतं. सगळं त्या दोन हजारांवर अवलंबून आहे. म्हणून दुकानात शिरल्यावर ईएमआय हा शब्दच काढायचा नाही. आधी एकरकमी भाव पक्का करून घ्यायचा, मग हप्त्याचं विचारायचं. उलट क्रमाने विचारलं की रोखीचा भाव सांगायची दुकानदाराला गरजच उरत नाही.

अण्णांनी शेवटी विचारलं ते मला फार पटलं. त्यांच्या शेजारच्या बाईकडे चौतीस हजार नाहीतच, तिने काय करायचं? तिच्यासाठी तुलना एफडीशी नाही, तिला दुसरीकडे कर्ज ज्या दराने मिळेल त्याच्याशी आहे. पतसंस्थेत बारा टक्क्यांनी मिळत असेल तर तिथून घेऊन रोख सुटीवर फ्रिज घ्यावा. मिळतच नसेल तर १४.७ टक्के समजून उमजून घ्यायला हरकत नाही, फक्त हप्ता चुकता कामा नये. कार्डाची बाकी पुढे ढकलली की दर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज चढतं.

सुनीलने तिथूनच दुकानात फोन लावला. यूपीआयने आज सगळे दिले तर भाव काय, एवढंच विचारलं. पलीकडून ३३,८०० आलं. त्याने कागदावरचे चौतीस खोडून तो आकडा लिहिला आणि चप्पल घालायला उठला.