योगसूत्रांचं पुस्तक घेताना आधी २.३४ उघडून बघा

आसनं, प्राणायाम बरीच वर्षं चालू आहेत, आता त्यामागचं तत्त्वज्ञान वाचायचंय, तर कोणतं पुस्तक घेऊ? हे विचारणाऱ्यांना मी हल्ली पुस्तकाचं नाव आधी सांगतच नाही. पातंजल योगसूत्रांवरचं जे पुस्तक हाती लागेल त्यात दुसऱ्या पादातलं चौतिसावं सूत्र काढा आणि त्याखाली काय लिहिलंय ते बघा, एवढंच सांगतो. ते पुस्तक घ्यायचं की परत ठेवायचं, ते तिथेच कळतं.

पतंजलींची सूत्रं दोनशेच्या आतबाहेर आहेत आणि अतिशय त्रोटक आहेत. आसनाच्या वाट्याला त्यातली अवघी तीन आली आहेत. गुरूने तोंडी उलगडून सांगायचं आणि शिष्याने सूत्र पाठ करायचं, अशी ही रचना. तो उलगडा आपल्यापर्यंत पोचला तो व्यासभाष्यातून. हे भाष्य सूत्रांच्या इतकं जवळचं आहे की दोन्ही एकाच हातची असावीत, असं मानणारेही अभ्यासक आहेत. पुढचे बहुतेक मोठे टीकाकार, वाचस्पती मिश्र असोत की विज्ञानभिक्षू, या भाष्यावरच लिहितात. आणि आजच्या बहुतेक सुटसुटीत पुस्तकांतून नेमकं तेच गाळलेलं असतं. वर सूत्र, खाली एका ओळीचा अर्थ आणि मग लेखकाचं स्वतःचं प्रवचन. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्यात काय हरवतं हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच राहत नाही.

अहिंसेचंच घ्या. २.३० मध्ये अहिंसा, सत्य, चोरी न करणं, ब्रह्मचर्य आणि संग्रह न करणं हे पाच यम सांगितलेत, त्यात ती पहिली. पुढचं सूत्र म्हणतं की जाती, देश, काळ आणि समय, म्हणजे स्वतः ठरवून घेतलेली अट, यांची मर्यादा न घालता पाळले तर हे यम महाव्रत होतात. नुसतं सूत्र वाचून यातून फार काही हाती लागत नाही. भाष्यकार मात्र माणसं समोर उभी करतात. मासेमार म्हणतो, मी फक्त मासेच मारीन, दुसरं काही नाही. दुसरा म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही. तिसरा म्हणतो, चतुर्दशीला आणि पुण्यदिवशी मारणार नाही. चौथा म्हणतो, देवाब्राह्मणांसाठीच मारीन, एरवी नाही. आणि क्षत्रिय म्हणतो, फक्त युद्धात. आपल्याकडे श्रावण पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यातला तिसरा लगेच ओळखता येईल. गटारीला ताव मारायचा आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद. भाष्य अशा माणसाला दांभिक म्हणत नाही, त्याच्या व्रताला कुंपण आहे एवढंच दाखवतं. त्यामुळे वाचणारा आपोआप स्वतःचं कुंपण शोधू लागतो. माझी अहिंसा घरच्यांशी बोलताना असते आणि ऑफिसात नसते का? आपल्या माणसांपुरती असते आणि परक्यांसाठी नसते का?

आता २.३३. वितर्क, म्हणजे यमांच्या उलट जाणारे हिंसेसारखे विचार, बाधा देऊ लागले तर प्रतिपक्षभावना करावी. या सूत्राचा जो अर्थ सगळीकडे सांगितला जातो तो असा: वाईट विचार आला की त्याच्या उलट चांगला विचार मनात आणा. विवेकानंदांच्या १८९६ सालच्या ‘राजयोगा’तही रागाची लाट उसळली तर प्रेमाची उलट लाट उठवा असंच सांगितलंय, आणि तो उपाय काही खोटा नाही. पण ज्याला खरोखर राग आलाय त्याला त्या क्षणी प्रेम सुचत नाही, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

भाष्याची सुरुवातच या अनुभवापासून होते. साधकाच्या मनात काय येतं ते भाष्यकार आडपडदा न ठेवता लिहितात: याने माझं वाईट केलं, याला मी मारीन, खोटंही बोलीन, याचं धन घेईन, याच्या बायकोपर्यंत जाईन, याच्या मालमत्तेचा धनी होईन. पाचही यम उलटे झालेले आहेत, आणि तेही योगमार्गावरच्या माणसाच्या मनात. या अवस्थेला ते ज्वर म्हणतात. मग त्याने स्वतःशी म्हणावं असं वाक्य देतात, आणि त्यात प्रेमाचा उल्लेखही नाही. संसाराच्या निखाऱ्यांवर भाजून निघत असताना मी सर्व प्राण्यांना अभय देऊन योगधर्माला शरण आलो, आणि सोडून दिलेलं पुन्हा घेतोय. ओकलेलं पुन्हा चाटणाऱ्या कुत्र्यासारखाच झालो की मी.

इतकं उघडंवाघडं लिहिलेलं आहे ते. गुळगुळीत पुस्तकांत हे वाक्य सापडत नाही, हे काही नवल नाही.

आणि मग २.३४, ज्यासाठी हा खटाटोप. यात प्रतिपक्षभावना म्हणजे काय हे पतंजली स्वतःच सांगतात. हिंसा वगैरे वितर्क तीन तऱ्हांचे: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केल्यावर ‘बरं झालं’ म्हटलेले. त्यातला प्रत्येक लोभातून, क्रोधातून किंवा मोहातून येतो. आणि त्याचा जोर मंद, मध्यम किंवा तीव्र असतो. त्यांचं फळ दुःख आणि अज्ञान, तेही न संपणारं. हे असं लक्षात आणून देणं म्हणजे प्रतिपक्षभावना. तीन गुणिले तीन गुणिले तीन, एका हिंसेचे सत्तावीस प्रकार झाले. भाष्यकार जोराचे आणखी पोटभेद करून एक्क्याऐंशीवर जातात. पण मोजदाद महत्त्वाची नाही. हा तक्ता वापरता येतो, हे महत्त्वाचं.

वापरूनच बघू. आमच्यासारख्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर घडणारी गोष्ट घ्या. रात्रपाळीच्या वॉचमनचा खुर्चीत डुलकी घेतानाचा फोटो कुणीतरी टाकतो. दहा मिनिटांत ‘उद्याच्या उद्या काढून टाका’ सुरू होतं. सकाळी सेक्रेटरी त्याला कामावरून कमी करतात. एक तर सेक्रेटरींनी ते केलं. ज्यांनी मेसेजवर मेसेज टाकून तगादा लावला त्यांनी करवलं. आणि ज्यांनी नुसता अंगठा दाखवला आणि झोपी गेले त्यांनी अनुमोदन दिलं. त्यांना वाटतं, आपला यात काय संबंध? सूत्र म्हणतं, संबंध आहे.

आता कशातून केलं ते बघा. भाष्यात लोभाचं उदाहरण मांस आणि कातड्यासाठी मारण्याचं आहे, क्रोधाचं ‘याने माझं वाईट केलं’ हे, आणि मोहाचं ‘यातून मला धर्म घडेल’ हे. आपल्या ग्रुपवर लोभ कुठे होता? दिवाळीचा बोनस वाचेल, असं मनात आलेल्याच्या ठिकाणी. क्रोध? ज्याची गाडी मागच्याच आठवड्यात कुणी तरी घासून गेलं त्याच्या ठिकाणी. मोह ओळखायला सगळ्यात अवघड, कारण तो कर्तव्याच्या वेषात येतो. ‘माझं वैयक्तिक काही नाही हो, पण शिस्त लागायला नको का?’ रात्रपाळीला झोपू नये हे खरंच आहे, त्याला तसं सांगायलाही हवं. पण त्याच्या घरची चूल विझवताना आपण पुण्य करतोय असं वाटलं, तर तो भाष्यकारांचा मोह. हजारेक वर्षांहून जुन्या मजकुरात हे इतकं नेमकं सापडतं तेव्हा मी थक्क होतो.

जोराच्या तीन पायऱ्याही उगाच दिलेल्या नाहीत. अंगठा आणि तगादा एकाच मापाचे नाहीत, हे त्यामुळे मान्य होतं. सगळ्यांना सारखंच दोषी ठरवून मोकळं व्हायची सोय हे शास्त्र ठेवत नाही. आणि तक्ता लावायचा तो स्वतःच्या मनाला. मी वर सेक्रेटरींना लावून दाखवला तो समजावण्यापुरता. साधनेत त्याचा उपयोग एकच: मी आत्ता जे करतोय ते केलेलं, करवलेलं की अनुमोदलेलं, आणि कशापायी? रागाच्या भरात प्रेम सुचत नाही, पण हा प्रश्न सुचू शकतो. म्हणून मला प्रतिपक्षभावनेचा हा अर्थ जास्त खरा वाटतो.

फळांबद्दल भाष्य जे सांगतं त्यात नरक आणि पशुयोनीही येते. ती कुणाला पटेल, कुणाला नाही. पण त्यातली मांडणी बघण्यासारखी आहे. मारणारा आधी समोरच्याचं बळ हिरावतो, मग त्याला दुःख देतो, मग त्याचा जीव घेतो. त्याला फळही त्याच क्रमाने मिळतं: आधी स्वतःचे आधार खचतात, मग दुःख, मग जगणं नकोसं होऊनही मरण न येणं. हिंसा एका फटक्यात होत नाही, तिला टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर, म्हणजे नुसतं बळ हिरावलं जात असताना, थांबता येतं, असं मी त्यातून घेतो. भाष्य तसं म्हणत नाही, हे माझं वाचन.

खूण कशी ओळखायची, तेही पुढच्याच सूत्रात आहे. अहिंसा पक्की झाली की त्या माणसाच्या जवळ इतरांचंही वैर गळून पडतं. आपल्याला किती शांत वाटतं हा निकष पतंजलींनी ठेवलेला नाही. आपल्या आसपासच्यांचं काय होतं, हा ठेवलाय.

तर पुस्तकं. २.३४ खाली लोभ, क्रोध, मोह यांची उदाहरणं असतील, अनुमोदनाचा विचार असेल आणि प्रतिपक्षभावना ‘सकारात्मक विचार करा’ एवढ्यावर गुंडाळलेली नसेल, तर पुस्तक घ्या. मराठीत कृष्णाजी केशव कोल्हटकरांचं ‘भारतीय मानसशास्त्र अथवा सार्थ आणि सविवरण पातंजल योगदर्शन’ आहे. जाडजूड आहे, भाषा जुन्या वळणाची आहे, पण घाई न करता वाचलं तर एकेका सूत्रावर मन भरतं. अख्खं भाष्य हवं असेल तर हरिहरानंद आरण्यांची टीका घ्या. मूळ बंगाली, हिंदी आणि इंग्रजीतही मिळते. हा माणूस मधुपूरच्या कपिल मठात १९२६ पासून १९४७ ला देह ठेवेपर्यंत बंद गुहेत राहिला. भाष्यावर तो लिहितो तेव्हा करून पाहिलेल्या माणसाचं लिहिणं म्हणून ते वाचता येतं.

आणि वाचताना पहिल्या पादापासून सुरू करू नका. बहुतेकांचं पुस्तक तिथेच, समाधीच्या प्रकारांपाशी, अडकून कपाटात जातं. दुसऱ्या पादाच्या सुरुवातीला भाष्यकारच सांगतात की आत्तापर्यंतचा योग चित्त स्थिर झालेल्यासाठी होता, आता ज्याचं चित्त भटकतंय त्याच्यासाठी सुरू करतो. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. २.३० ते २.३५ ही सहा सूत्रं आधी भाष्यासकट वाचा, मग २.१ वर या आणि तिथून क्लेशांची चर्चा सलग बाराव्या सूत्रापर्यंत घ्या. अडलं तर खाली लिहा, मला जेवढं कळलंय तेवढं सांगतो.