कूपन नीट लागलं पाहिजे

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात अ‍ॅप तपासायची एक टेस्ट केस वडिलोपार्जित जमिनीसारखी चालत आली होती. पायऱ्या तीन: लॉगिन करा, कूपन टाका, तपासा. अपेक्षित निकाल: 'कूपन नीट लागलं पाहिजे.' आता नीट म्हणजे किती, हे विचारावं, तर लिहिणारे गृहस्थ गणपतीला गावी. फोन लागेना.

मी केस चालवली. `NEW100` टाकलं, शंभर रुपये कमी झाले, ऑर्डर दिली, पास. दुपारी शेजारच्या मॅडमनी त्याच खात्यावरून तीच केस चालवली. 'हे कूपन फक्त पहिल्या ऑर्डरसाठी आहे.' फेल! त्यांनी बग टाकला, डेव्हलपरने 'माझ्याकडे चालतंय' म्हणून परत पाठवला, आणि चहा होईपर्यंत तिघांचं बोलणं बंद. चूक ना त्यांची ना अ‍ॅपची. ही केस एकदा चालवली की आपली पूर्वअटच खाऊन टाकते, आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

केस नव्याने लिहायला बसलो. पूर्वअटी: टेस्ट सर्व्हर, एकही ऑर्डर नसलेलं खातं, दर वेळी नवं, रिकामी कार्ट, कूपन चालू, किमान खरेदी ₹500, सूट ₹100, डिलिव्हरी ₹40. मग पायऱ्या, एका पायरीत एकच कृती. आधी उत्साहाच्या भरात 'खालचं हिरवं बटण दाबा' असं लिहिलं होतं. डिझाइनवाल्यांचा भरवसा नाही म्हणून ते खोडून 'Apply दाबा' केलं.

खरी गंमत अपेक्षित निकालात. ₹500 चा माल घेतला तर सूट ₹100, देय ₹440. हे सगळ्यांना जमतं. म्हणून ₹499 ची वेगळी केस लिहिली, तिच्यासाठीही कोरं खातं: सूट नाही, देय ₹539, आणि 'किमान ₹500 ची खरेदी हवी' हा मेसेज अक्षरशः असाच. कारण कोडमध्ये कुणी डिलिव्हरी धरून बेरीज केली, तर 539 पाचशेच्या वर जातात आणि कूपन अगदी 'नीट' लागतं. जुन्या केसने त्याला आनंदाने पास केलं असतं.

रात्रपाळीच्या नव्या पोराला दोन्ही केसेस दिल्या आणि विरार लोकल पकडली. बोरिवली गेलं तरी त्याचा फोन नाही. वसईला वाजला, पण तो डेव्हलपरचा.

"₹499 वाली फेल दाखवतोय. देय ₹439 येतंय."

"मग फेलच आहे."

"पण डिलिव्हरी धरायची नाही, हे कुणी ठरवलं?"

"केसमध्ये रिक्वायरमेंटचा नंबर दिलाय. बघ."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "तिथे लिहिलंय, 'पाचशेच्या ऑर्डरवर कूपन नीट लागलं पाहिजे.'"