जुनी चाललेली कॅप्शन पुन्हा टाकताना नेमकं काय बदलायचं?

दाजींचा परभणीजवळ लाकडी घाणा आहे. करडई, शेंगदाणा, थोडं तीळ. त्यांच्या पेजचं लिहायचं काम माझ्याकडं, म्हणजे पगार नाही, वर्षाचं तेल फुकट. गेल्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी टाकलेली एक पोस्ट अशी चालली की आजपर्यंत तिच्या जवळपास दुसरी काही गेली नाही. मार्चमध्ये नवी करडई आली, मला काही सुचेना, म्हणून मी ती जुनीच कॅप्शन उचलली, ‘दिवाळी’ काढून ‘उन्हाळा’ घातला आणि टाकून दिली.

अर्ध्या तासात दाजींचा फोन. “पाव्हणं, हे तर मागच्यावेळचंच टाकायलात की! आणि भाव जुनाच ठेवलाय, गिऱ्हाईक मला अठराशेलाच द्या म्हणायलंय.”

पोस्ट काढली. अठराशेच्या भावानं तीन कॅन द्यावे लागले, ते वेगळं. त्या दिवशी बसून जे काढलं ते लिहितो, कारण घरगुती धंद्यांची पेजं सांभाळणारे बरेच जण हीच चूक करतात असं मला दिसतं: नको तो भाग जपायचा आणि हवा तो बदलायचा.

जुनी कॅप्शन अशी होती:

“यंदा दिवाळीचा फराळ करडईच्या तेलात! आमच्याकडे लाकडी घाण्याचं शुद्ध करडई तेल मिळेल. तेल तापलं की जो वास सुटतो तो ओळखीचा वाटला, तर समजा तुमच्या आजीच्या चुलीवरही करडईच होती. ५ लिटर कॅन १८०० रु. स्टॉक मर्यादित.”

आधी मी लाइक बघणं सोडलं आणि कमेंटी वाचल्या, सगळ्या. चौसष्ट होत्या. ‘शुद्ध’बद्दल एकही नाही. फराळाबद्दल दोन-तीन, भाव विचारणाऱ्या दहा-बारा (भाव लिहिलेला असूनही, हे कायमचंच). बाकी जवळजवळ सगळ्या आजीच्या. कुणाची आजी धपाट्यावर तेल सोडायची, कुणाची डोक्याला हेच लावायची, एकानं तर आजीच्या तेलाच्या बुधल्याचं इतकं वर्णन केलं होतं की त्याला वेगळी पोस्ट टाक म्हणावं. म्हणजे अख्ख्या कॅप्शनमध्ये जिवंत वाक्य एकच होतं, तिसरं. बाकीची चार त्याच्या जिवावर चालली.

इथं एक खात्री करून घ्यावी लागते. कधी कधी कॅप्शन चाललेलीच नसते, चाललेला असतो फोटो. किंवा एखाद्या मोठ्या पेजनं शेअर केलेलं असतं. माझी सोपी परीक्षा अशी: कमेंटी करणारे कशाबद्दल बोलतायत? “फोटो भारी”, “कुठं आहे हे”, असंच असेल तर शब्द घासून काही उपयोग नाही, नवा फोटो काढा. आपल्या वाक्यातला शब्द त्यांनी परत वापरला असेल, तर ते वाक्य चाललंय. आमच्याकडं ‘वास’ आणि ‘आजी’ हे दोन शब्द परत परत येत होते.

आता गंमत अशी की जे वाक्य चाललं तेच लोकांच्या लक्षात राहतं. ते जसंच्या तसं टाकलं तर सहा महिन्यांनीही ओळखू येतं. ‘स्टॉक मर्यादित’ कुणाला आठवत नाही, आजीची चूल आठवते. म्हणून ते वाक्य ठेवायचं नसतं, ते वाक्य जे काम करत होतं ते ठेवायचं. त्याचं काम काय होतं? तेलाची तारीफ न करता वाचणाऱ्याला त्याच्या घरातली एक गोष्ट आठवायला लावणं. तेच काम दुसऱ्या चित्रानं करून घ्यायचं.

उन्हाळ्यात तळण कुणालाच नको असतं. पण भाकरीवर कच्चं तेल बारा महिने चालतं. आणि मार्चमध्ये सांगण्यासारखं खरंच नवं काहीतरी होतं: करडई नुकतीच निघालेली. करडई काटेरी, उन्हात हात लावू देत नाही, म्हणून पहाटे दवानं काटे मऊ असतात तेव्हा काढतात. हे मला दाजींनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी परभणीचाच!

दुसऱ्यांदा लिहिलेली कॅप्शन:

“गरम भाकरी, वर कारळाची चटणी, चटणीत बोटानं खड्डा आणि खड्ड्यात करडईचं कच्चं तेल. तुमच्या घरी खड्डा कोण करून द्यायचं?

पहाटेच्या दवात काढलेली यंदाची करडई घाण्यावर आलीय. पहिला घाणा परवा निघाला, तेल निवळायला ठेवलंय, शनिवारपासून मिळेल.

५ लिटर कॅन, मार्चचा भाव १९५० रु.”

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती जागेची अदलाबदल. जुन्या कॅप्शनमध्ये कामाचं वाक्य तिसरं होतं. इन्स्टाग्रामवर फीडमध्ये साधारण सव्वाशे अक्षरं दिसतात, पुढचं `more` दाबल्यावर. आणि आपल्या काना-मात्रा, वेलांट्याही त्यात वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळं मराठीत जेमतेम दीड-दोन ओळी पदरात पडतात. म्हणजे पहिल्या वेळी बऱ्याच जणांना आजी दिसलीच नसणार, फराळ दिसला आणि ते पुढं गेले. या वेळी भाकरी सगळ्यात वर, आणि जुन्या ओळखीची एकही ओळ वर नाही.

‘शुद्ध’ गेलं, त्याच्या जागी ‘निवळायला ठेवलंय’ आलं. ज्याच्या घरी कधी घाण्याचं तेल आलंय त्याला गाळ खाली बसायला लागणारे दिवस माहीत असतात. भाव शेवटच्या ओळीत आणि महिन्याच्या नावासकट, म्हणजे पुढं कुणी ही पोस्ट उकरून काढली तरी भांडण नको. ‘शनिवारपासून’ हा शब्द शिळा होणार हे मला माहीत आहे. पुढच्या वेळी तो आधी खोडायचा.

शिळ्या शब्दांवरून आठवलं. आपल्याकडच्या जुन्या कॅप्शनांमध्ये ‘औरंगाबाद, उस्मानाबाद पोहोच’ असं असतं. २०२३ मध्ये नावं बदलली. आता तेच कॉपी करून टाकलं की खाली तेलाची चर्चा राहते बाजूला आणि नावावरून जुंपते. पोहोच कुठं कुठं आहे ती ओळ दर वेळी नव्यानं टाइप करावी, चिकटवू नये.

फोटोही बदलला. लोक शब्दांआधी फोटो ओळखतात, तोच फोटो असेल तर कॅप्शन कितीही नवी लिहा, “हे बघितलंय” म्हणून अंगठा वर सरकतो. आणि जुन्याच पोस्टमध्ये एडिट करावं का, असं एकानं विचारलं होतं. नको. तारीख जुनीच राहते, खाली दिवाळीच्या कमेंटी लटकलेल्या, आणि ती नव्यानं लोकांसमोर जात नाही.

निकाल? लाइक जुन्या पोस्टच्या निम्मेच आले. कमेंटी एकोणचाळीस, त्यातल्या तीसेक खड्ड्याच्या. कॅन मात्र दिवाळीइतकेच गेले, आणि उन्हाळ्यात ते कधी जात नाहीत. दाजी खूश, पण बोलून दाखवायचे नाहीत.

सेलूच्या एक काकू, आता पुण्यात असतात. जुन्या पोस्टवर त्यांनी आजीच्या धपाट्यांचं लिहिलं होतं. या वेळी त्यांनी लिहिलं, “खड्डा आई करायची. पण आमच्यात कारळाची नाही, जवसाची चटणी.” त्याखाली कारळं का जवस यावरून तीन दिवस वाद चालला होता. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, जूनमध्ये लोणच्याच्या वेळी लागेल.