फ्लक्स जास्तीत जास्त, तेव्हा टॉर्क शून्य

«आयताकृती लूपमधून फ्लक्स जास्तीत जास्त जातो, तेव्हाच त्यावरचा टॉर्कही जास्तीत जास्त असतो, कारण तेव्हा चारही बाजूंवर बल लागतं. सूत्र बघा: τ = NIAB sinθ. θ हा लूपच्या प्रतलाचा क्षेत्राशी कोन, म्हणून 90° ला टॉर्क सर्वाधिक. आणि हे सूत्र अक्ष मधोमध असेल तरच चालतं. अक्ष एका बाजूवर नेला की एकाच बाजूचं बल उरतं आणि टॉर्क निम्मा होतो.»

ही पोस्ट परीक्षेच्या दिवसांत हातोहात फिरते आणि मुलं ती वहीत उतरवून घेतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या वह्यांत मी ती पाहिली आहे, म्हणून एकेक मुद्दा आकडे घालून तपासू. टॉर्क म्हणजे बलांचा फिरवणारा परिणाम, आणि फ्लक्स म्हणजे लूपमधून आरपार जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचं प्रमाण. सूत्रात τ हा टॉर्क, N वेढे, I धारा, A लूपचं क्षेत्रफळ आणि B चुंबकीय क्षेत्र.

खिडकीच्या चौकटीसारखा उभा लूप डोळ्यांसमोर आणा. उभ्या बाजू 10 सेंटिमीटर, आडव्या 6 सेंटिमीटर, वेढे 50, धारा 2 अँपिअर. चुंबकीय क्षेत्र आडवं, सगळीकडे सारखं, 0.3 टेस्ला. लूप मधल्या उभ्या अक्षाभोवती फिरू शकतो.

लूप कसाही वळवला तरी उभ्या बाजू क्षेत्राला लंबच राहतात. त्यामुळे प्रत्येक उभ्या बाजूवरचं बल कायम 50 × 2 × 0.1 × 0.3, म्हणजे 3 न्यूटन. दोन्ही बाजूंत धारा उलट दिशांनी वाहते, म्हणून दोन्ही बलंही एकमेकांच्या उलट. ही बलं लूप फिरताना बदलत नाहीत. बदलतं ते त्यांच्या कार्यरेषांमधलं अंतर. टॉर्कचा सगळा हिशेब त्या अंतरात आहे.

लूपचं प्रतल क्षेत्राच्या दिशेतच आहे असं धरा. फ्लक्स शून्य. एका उभ्या बाजूवरचं बल आपल्याकडे, दुसरीवरचं आपल्यापासून दूर, आणि दोन कार्यरेषांमध्ये पूर्ण 6 सेंटिमीटर अंतर. टॉर्क 3 × 0.06 = 0.18 न्यूटन-मीटर. याहून जास्त तो कधीच होत नाही. आडव्या बाजू या वेळी क्षेत्राला समांतर असतात, त्यांच्यावर बलच नाही.

आता लूप 90° वळवा, प्रतल क्षेत्राला लंब करा. फ्लक्स सर्वाधिक. चारही बाजूंवर बल लागतं हे पोस्टमधलं वाक्य इथे खरं आहे: उभ्या बाजूंवर प्रत्येकी 3 न्यूटन, आडव्यांवर प्रत्येकी 1.8 न्यूटन. पण फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने प्रत्येक बाजूची दिशा काढा. चारही बलं लूपच्याच प्रतलात येतात, आणि धारा एका दिशेने असेल तर चौघीही बाहेरच्या बाजूला ओढतात. लूप ताणला जातो, फिरत नाही. धारा उलटी केली तर चौघीही आत दाबतात, तरीही फिरत नाही. बलं सर्वांत जास्त आणि टॉर्क शून्य, अशी ही स्थिती आहे. मधल्या कोनांतही आडव्या बाजूंवरची बलं अक्षाच्याच रेषेत वर-खाली असतात, त्यामुळे फिरवण्यात त्यांचा वाटा कधीच नसतो.

एकाच कॉइलची साधी मोटर करून पाहिली असेल, तर हे हाताला कळलेलं असतं. कॉइलचं प्रतल क्षेत्राला लंब असताना ती थांबली, तर ती स्वतःहून सुरू होत नाही, बोटाने थोडी ढकलावी लागते. कम्युटेटर धारेची दिशा नेमकी याच जागी उलटवतो, कारण इथून पुढे टॉर्कची दिशा बदलणार असते.

कोनाचा घोळ मात्र लवकर सुटतो. धारेच्या दिशेने उजव्या हाताची बोटं वळवा. अंगठा दाखवतो ती लूपच्या चुंबकीय परिबलाची, म्हणजे मॅग्नेटिक मोमेंटची दिशा. ती प्रतलाला लंब असते. θ हा या दिशेचा क्षेत्राशी कोन. परिबलाचं मूल्य NIA, आपल्या लूपसाठी 50 × 2 × 0.006 = 0.6 अँपिअर-चौरस मीटर, आणि 0.6 × 0.3 पुन्हा 0.18 च देतं. गणितात «प्रतल क्षेत्राशी 30° चा कोन करतं» असं दिलं असेल, तर θ 60° घ्यायचा: 0.18 × 0.866, म्हणजे 0.156. सरळ 30° घातला तर 0.09 येईल. शंका असेल तर कार्यरेषांमधलं अंतर काढा: 6 × cos 30° = 5.2 सेंटिमीटर, गुणिले 3 न्यूटन, उत्तर 0.156 च.

परिबल वापरण्याचा आणखी एक फायदा आहे. 0° आणि 180° या दोन्ही ठिकाणी टॉर्क शून्य असला, तरी त्या स्थिती सारख्या नाहीत. परिबल क्षेत्राच्या दिशेत असताना लूप 5° हलवला, तर सुमारे 0.016 न्यूटन-मीटरचा टॉर्क त्याला परत आणतो. परिबल उलट दिशेत असताना तेवढाच टॉर्क त्याला आणखी दूर नेतो. फक्त फ्लक्सचं मूल्य पाहणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

राहिला अक्ष. प्रतल क्षेत्राच्या दिशेत ठेवून अक्ष एका उभ्या बाजूवरच न्या. त्या बाजूच्या बलाला आता भुजा, म्हणजे अक्षापासूनचं अंतर, नाही, हे बरोबर. पण दुसऱ्या बाजूची भुजा 3 वरून 6 सेंटिमीटर झाली, ही गोष्ट पोस्ट लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटली. 3 × 0.06 = 0.18. अक्ष लूपच्या बाहेर 10 सेंटिमीटरवर नेला तरी पाहा: जवळच्या बाजूचा टॉर्क 0.30, दूरच्या बाजूचा उलट दिशेने 0.48, फरक 0.18. निव्वळ बल शून्य असलं की अक्ष समांतर कुठेही सरकवा, टॉर्क तोच राहतो.

हे खरं आहे ते क्षेत्र एकसमान असेल तोवरच. समजा एका उभ्या बाजूपाशी 0.3 आणि दुसरीपाशी 0.2 टेस्ला आहे. बलं 3 आणि 2 न्यूटन. मधल्या अक्षाभोवती टॉर्क 0.15, जास्त क्षेत्राच्या बाजूभोवती 0.12, कमी क्षेत्राच्या बाजूभोवती 0.18. आता अक्ष कुठे आहे ते सांगितल्याशिवाय टॉर्क सांगता येत नाही. दोऱ्याने टांगलेल्या लूपवर हे ओळखायची सोपी खूण अशी: एकसमान क्षेत्रात लूप नुसता वळतो आणि दोरा उभाच राहतो, असमान क्षेत्रात निव्वळ बल उरतं आणि दोरा तिरका होतो. बाजारातले दोन छोटे चुंबक समोरासमोर धरून प्रयोग करणाऱ्यांना बहुतेक वेळा हा तिरकेपणा दिसतो, आणि मग सूत्रच चुकीचं आहे असं त्यांना वाटतं.

चल-कुंडल गॅल्व्हानोमीटर उघडून पाहिला तर पहिल्या मुद्द्याचा पुरावा समोर असतो. त्यात ध्रुवांचे पृष्ठभाग वक्र असतात आणि मधे मऊ लोखंडाचा दंडगोल. त्यामुळे फटीतलं क्षेत्र त्रिज्येच्या दिशेत जातं आणि कॉइल वळली तरी तिचं प्रतल क्षेत्राच्या दिशेतच राहतं. टॉर्क सगळीकडे NIAB, म्हणून स्प्रिंगच्या विरोधात होणारं विचलन धारेच्या सम प्रमाणात आणि मोजपट्टीवरच्या खुणा सारख्या अंतरावर. कॉइलचं प्रतल क्षेत्राला लंब ठेवून हे उपकरण बनवलं असतं, तर धारा सोडूनही काटा शून्यावरून हललाच नसता.