तीळ कुणाचा, गाल कुणाचा

आमच्या घरात मालमत्तेवरून कधी भांडण झालं नाही. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातलं भाड्याचं घर आणि त्यातला झोपाळा, यात वाटून घेणार काय? ती सगळी कसर यंदा एका तिळाने भरून काढली.

निमित्त आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. आत्याच्या डोक्यात आलं की आजीच्या 1964 सालच्या लग्नाची पाच मिनिटांची फिल्म करायची. नवरी म्हणून माझी भाची चिमी उभी राहील आणि तिच्या चेहऱ्यावर आजीचा तेव्हाचा चेहरा बसवायचा. आजीला पत्ता लागू द्यायचा नाही. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरतो, त्यामुळे ‘बसवायचा’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हे न बोलताच ठरलं.

आजीचे तरुणपणचे फोटो मिळाले तीन. शेकडो फोटो असते तर संगणकाला तिचा चेहरा सावकाश शिकवता आला असता. तिनात ते होत नाही. मग एकाच फोटोवर भागवणारी `inswapper_128` सारखी तयार मॉडेलं वापरावी लागतात. ती फोटोतून चेहऱ्याची ठेवण उचलतात, तीळ उचलत नाहीत. नावातला 128 हा आकडा म्हणजे ती चेहरा 128 बाय 128 ठिपक्यांत रंगवून देतात. हनुवटीपासून कपाळापर्यंतचा चेहरा तेवढ्यात कोंबला की एक ठिपका मिलिमीटरहून मोठा होतो. म्हणजे तिळाच्या वाट्याला दोन-तीन ठिपके येतात आणि वांगाच्या बारीक डागाला एकही येत नाही. वर चेहरा स्पष्ट करणारं दुसरं साधन फिरवलं, तर ते उरलासुरला तीळही घाण समजून पुसून टाकतं. थोडक्यात, आजीचा तीळ आपोआप येणार नव्हता. तो मलाच हाताने काढायचा होता, आणि त्यासाठी तो होता कुठे हे आधी ठरवायचं होतं.

इथे भांडण सुरू झालं. पहिला फोटो रावपुऱ्यातल्या कुठल्याशा स्टुडिओतला, त्यात तीळच नाही. दुसरा लग्नातला, त्यात उजव्या गालावर ठसठशीत काळा ठिपका. तिसरा आजोबांबरोबर कमाटीबागेत काढलेला, त्यात डाव्या बाजूला, ओठांच्या कोपऱ्याखाली तीळ. आजच्या आजीच्या चेहऱ्यावरही डावीकडे तिथेच एक फुगीर, फिकट मस आहे.

आत्या म्हणाली, “लग्नाचा फोटो उलटा छापलाय.”

हे अगदीच अशक्य नव्हतं. निगेटिव्ह उलटी ठेवली की डावं उजवं होतं. अशा वेळी पदर कुठल्या खांद्यावर आहे ते बघावं, असं एरवी म्हणता येतं. वडोदऱ्यात ही युक्ती चालत नाही. कमाटीबागेच्या फोटोत आजीचा पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावर आहे, शेजारच्या बेननी हौसेने नेसवलेली साडी. त्यामुळे आत्याच्या मते तो फोटोही उलटा. दोन्ही उलटे मानले तर तीळ जागच्या जागी अदलाबदल करून भांडण पुन्हा तिथेच.

शेवटी आजोबा मदतीला आले. दोन्ही फोटोंत ते कोटात आहेत, आणि पुरुषाच्या कोटाचा छातीवरचा खिसा डावीकडे असतो. दोन्ही फोटोंत तो डावीकडेच होता. फोटो सरळ होते. आजोबा हयात असताना त्यांच्या शब्दाला घरात एवढं वजन कधी नव्हतं.

मग उजव्या गालावरचा ठिपका कुठून आला? मी तो मोठा करून पाहिला. खरा तीळ बघितला तर कडेला त्वचेत विरत जातो आणि उजेडाच्या बाजूला थोडा उजळतो. हा कडेपर्यंत एकसारखा मिट्ट काळा होता आणि खालच्या बाजूला जरासा फराटला होता. आजीच्या धाकट्या जाऊबाई, आमच्या काकूआजी, त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, “अरे, ते गालबोट! सासूबाईंनी काजळाचं लावलं होतं. नवरी फार गोरी दिसत होती म्हणे.” स्टुडिओतल्या फोटोचा उलगडाही त्यांनीच केला. फोटोवाल्याने तीळ ‘काढून’ दिला होता. त्या काळी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघोट्या मारायचे. निगेटिव्हवर जिथे शिसं चढतं तिथून छापताना उजेड कमी जातो, आणि कागदावर तेवढी जागा गोरी उमटते. म्हणजे माझ्याच धंद्यातला एक पूर्वज साठ वर्षांपूर्वी पुरावा नष्ट करून गेला होता.

मग मी एक वही केली आणि प्रत्येक खुणेपुढे ती कधी आली ते लिहिलं. लग्नाच्या दिवशी जे चेहऱ्यावर होतं तेवढंच राहणार, हा नियम. हनुवटीजवळचा तीळ जन्माचा, तो राहील. मात्र आजचा फुगीर मस नव्हे. असे तीळ वयाबरोबर उंच आणि फिकट होतात. 1964 चा सपाट आणि गडद हवा. गालबोट फक्त लग्नाच्या प्रसंगात ठेवायचं; सासरी उंबरठ्यावरचं माप ओलांडतानाही ते असेल, पण दुसऱ्या दिवशीच्या झोपाळ्यावरच्या प्रसंगात दिसलं तर आजी अंघोळ न करता झोपाळ्यावर बसली असा अर्थ निघेल. भुवईवरची खोक 1971 ची, त्यामुळे बाद. गालावरचे वांगाचे डाग माझ्या बाबांच्या जन्मानंतरचे, तेही बाद. यावर बाबा उगाचच दुखावले. आत्याने दंडावरचे देवी टोचल्याचे वणही मागितले, कारण चिमीच्या दंडावर ते असणं शक्यच नाही. 1980 साली जगातून देवीचा रोग संपल्याचं जाहीर झालं, आणि चिमी त्यानंतर पाव शतकाने जन्मली. कोपरापर्यंतच्या ब्लाउजच्या बाह्यांनी मला वाचवलं.

एवढं झाल्यावर चिमीची बाजू पुढे आली. तिच्या भुवईत झोपाळ्याची कडी लागून पडलेली एक केसविरहित रेघ आहे. चेहरा बदलला की ती जायला हवी; पण ती पूर्ण जातही नाही आणि राहतही नाही, एका फ्रेममध्ये दिसते, पुढच्या चारांत विरते, परत उगवते. म्हणून अशा खुणा चेहरा बदलण्याच्या आधी, मूळ चित्रीकरणातच पुसून घ्याव्या लागतात. नंतर पुसायला गेलं तर आपण धूर पुसत बसतो. मानेवरच्या तिळाचं वेगळंच. बदललेला चेहरा भुवयांच्या थोडा वरून हनुवटीपर्यंतच येतो; मान, कान आणि केसांची कड चिमीचीच राहते. तिचा हा तीळ कानाखाली, जबड्याच्या अगदी काठावर. ती समोर बघते तेव्हा अख्खा दिसतो, वळली की काठाच्या पुसट पट्ट्यात येऊन अर्धा होतो. माझी बहीण म्हणाली, “तो लक्ष्मीचा तीळ आहे, काढू नकोस.” मी तो काढला. मग आठवलं की सप्तपदीचा एक शॉट पाठीमागून आहे. त्यात चेहरा बदलायचाच नव्हता म्हणून तो शॉट कामाच्या यादीतही नव्हता, पण मान होती. तिथूनही लक्ष्मीला निरोप दिला.

आता आजीचा तीळ लावायचा. केवढा? फोटोत मोजपट्टी नसते, पण बुबुळ असतं. मोठ्या माणसाच्या बुबुळाचा रंगीत गोल साधारण 12 मिलिमीटरचा, जवळपास सगळ्यांचा सारखाच. कमाटीबागेच्या फोटोत तीळ त्याच्या पाव भागाएवढा होता, म्हणजे 3 मिलिमीटर. जागाही तशीच ठरवली: ओठांच्या कोपऱ्यापासून एक बुबुळ खाली, अर्धं बुबुळ बाहेर. हे प्रमाण प्रत्येक शॉटमध्ये सांभाळायचं. जवळच्या शॉटमधला तीळ उचलून लांबच्या शॉटमध्ये तेवढाच चिकटवला, तर मांडवात उभ्या नवरीच्या तोंडावर माशी बसल्यासारखी दिसते.

आणि माशी एकदा बसली की उठत नाही. पहिल्या प्रयत्नात मी तीळ नाकाच्या शेंड्याशी बांधला होता, कारण नाकाचा माग संगणकाला नीट ठेवता येतो. चिमी हसली, गाल वर गेला, तीळ होता तिथेच राहिला, त्वचा त्याच्याखालून सरकली. नाक हसण्यात भाग घेत नाही. तीळ बांधायचा तो ओठांच्या कोपऱ्याशी. सुदैवाने आत्याने चित्रीकरणाच्या वेळी हौसेने चिमीला त्या जागी काजळाचा ठिपका लावला होता. चेहरा बदलताना तो गेला खरा, पण मूळ फुटेजमध्ये त्याचा माग फ्रेम-दर-फ्रेम धरता आला आणि खोटा तीळ त्या मागावर चालवता आला. रंगही काळा घ्यायचा नाही. शेजारच्या त्वचेचाच रंग गडद करून, खालचं चित्र न झाकता फक्त गडद करणाऱ्या मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवायचा, म्हणजे समईचा उजेड त्याच्यावरूनही हलतो. आणि चित्राचा रवा, तो ग्रेन, सगळ्यात शेवटी तीळ धरून सगळ्यावर टाकायचा. आधी टाकला तर खरखरीत गालावर गुळगुळीत तीळ उठून दिसतो.

हार घालण्याच्या शॉटने दोन रात्री खाल्ल्या. नवरदेवाचा हात आणि झेंडूचा हार चेहऱ्यासमोरून जातो, आणि माझा तीळ आज्ञाधारकपणे हारावर दिसत राहिला. आमच्याकडे झेंडूला तीळ असल्याची नोंद नाही. फुलांचा आकार एकेका फ्रेममध्ये कापून तीळ त्यांच्यामागे ढकलला. मुंडावळ्यांचंही तेच, त्या तर प्रत्येक श्वासाला हलतात.

शेवटच्या रात्री मी तोच शॉट पुन्हा पुन्हा चालवत बसलो होतो आणि आजी पाणी प्यायला उठली. गुपित फुटलं. ती माझ्या मागे उभी राहून संपूर्ण पाच मिनिटं बघत राहिली. तीळ जागेवर होता, हसताना सरकत होता, हारामागे जात होता. गालबोटही फराटलेलं होतं, काकूआजींच्या साक्षीप्रमाणे.

“छान,” आजी म्हणाली. “पण माझ्या कानाला तीन भोकं कुणी पाडली?”

मी थांबवून मोठं करून पाहिलं. चिमीने शूटिंगसाठी बाळ्या काढल्या होत्या. भोकं कशी काढणार? पाळीत एक, त्याच्यावर एक, आणि कानाच्या वरच्या कडेला एक. चेहऱ्याच्या काठाबाहेरचा प्रांत, पूर्ण चिमीचा.

“बुजवतो,” मी म्हटलं.

“सगळी नको,” आजी चष्मा पुसत म्हणाली. “वरचं राहू दे. तिथे माझी बुगडी होती. मधलं बुजव. आणि उद्या आत्याला सांगू नकोस मी पाहिलं म्हणून, तिला मला चकित करायचंय.”