सगळ्याला 31 मार्चचाच दर? तसं नाही

“विदेशातून आलेली कुठलीही कमाई असो, 31 मार्चच्या डॉलरच्या दरानं गुणायची. दर गूगलवर मिळतो. तिकडं कापलेला टॅक्स विसरा, हातात आलं तेवढंच रिटर्नमध्ये दाखवा.” असा एक मेसेज फिरतोय.

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन ज्या दिवशी घातलं, पट्टी त्याच दिवसाच्या भावाची होते. आयकराच्या 1962 च्या नियमांतला नियम 115 असाच आहे. कमाई कोणत्या प्रकारची, यावर दराचा दिवस ठरतो. 31 मार्चचा दिवस त्यात आहे, पण तो धंदा-व्यवसाय, घरभाडं आणि इतर स्रोतांतल्या काही उत्पन्नापुरता. लाभांशाला तो लागत नाही, पगारालाही नाही, शेअर विकून झालेल्या नफ्यालाही नाही. या तिघांना आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर लागतो.

माझ्याकडं लातूरचाच एक पोरगा येतो. पुण्याच्या कंपनीत आहे, काम घरूनच करतो. कंपनीची मूळ शाखा अमेरिकेत, त्यामुळं तिथले शेअर त्याला मिळालेले. ऑगस्ट 2024 मध्ये 400 डॉलर लाभांश निघाला. अमेरिकेत 25 टक्के म्हणजे 100 डॉलर कापले गेले, खात्यात 300 पडले. वरचा मेसेज वाचून त्यानं 300 ला 31 मार्चचा दर लावला.

आता नीट हिशेब करू. दर सोयीसाठी धरलेले आहेत: 31 जुलैचा 83.20, 31 मार्चचा 85.10. लाभांश ऑगस्टमधला, म्हणून 31 जुलैचा दर. उत्पन्न दाखवायचं पूर्ण 400 डॉलरचं, म्हणजे 33,280 रुपये. तिकडं कापलेल्या कराचं श्रेय मागायचं तर त्यालाही कर कापला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर, म्हणजे पुन्हा 31 जुलै: 8,320 रुपये. पोरगा 30 टक्क्यांच्या टप्प्यात आहे. उपकर सोडला तर इथला कर 9,984 होतो, त्यातून 8,320 वजा केले की भरायचे राहतात 1,664.

त्याच्या पद्धतीनं 300 गुणिले 85.10, म्हणजे 25,530 उत्पन्न आणि त्यावर 7,659 कर. श्रेय शून्य, कारण कापलेला कर त्यानं दाखवलाच नाही. म्हणजे उत्पन्न कमी दाखवल्याचा ठपकाही डोक्यावर आणि वर जवळजवळ सहा हजार रुपये जास्तीचे! हे श्रेय फॉर्म 67 भरून मिळतं. इथला त्या उत्पन्नावरचा कर आणि तिकडचा कर, यांतला जो कमी असेल तेवढंच.

लाभांश जाहीर एका महिन्यात आणि जमा दुसऱ्या महिन्यात, असंही होतं. मी जमा झाल्याचा महिना धरतो आणि दरवर्षी तोच धरतो. सोयीनं इकडचा तिकडचा महिना उचलला, तर विचारणा झाल्यावर सांगायला तोंड राहत नाही.

गूगलचा दर तर अजिबातच नको. नियमात स्टेट बँकेचा टेलिग्राफिक ट्रान्सफर खरेदी दर सांगितला आहे. सराफ मोड घेताना जो भाव लावतो आणि दागिना देताना जो लावतो, त्यात फरक असतो ना? तसाच हा बँकेचा डॉलर विकत घ्यायचा दर. गूगलवर दिसतो तो मधला, म्हणून बहुतेक वेळा थोडा चढाच. स्टेट बँकेच्या तक्त्यात `TT BUY` नावाचा रकाना बघायचा. शेजारी `BILL BUY` आणि नोटांचा `CN BUY` असतो, घाईत डोळा तिकडं जातो. महिनाअखेरीचा तक्ता त्याच दिवशी उतरवून ठेवा, मागचे शोधताना दमछाक होते. शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला, उदाहरणार्थ 31 मार्च 2024 ला रविवार होता, तर त्याआधी ज्या दिवशी दर जाहीर झाला तो घ्यायची पद्धत आहे.

फ्रीलान्स काम करणाऱ्यांना तर 31 मार्चचा दर बहुतेक वेळा लागतच नाही. पैसे रीतसर बँकेतून वर्ष संपायच्या आत भारतात आले, तर नियम 115 बाजूला राहतो आणि बँकेनं प्रत्यक्ष ज्या दरानं रुपये केले तोच दर खरा. बँकेनं शुल्क कापलं असेल तर ते उत्पन्नातून गुपचूप वजा करू नका, खर्चात दाखवा. बिल मार्चमध्ये केलं, पैसे एप्रिलमध्ये आले आणि हिशेब येणं-देणं पद्धतीचा असेल, तर त्या बिलाला मात्र 31 मार्चचा दर. एप्रिलमध्ये दोन पैसे कमी-जास्त मिळाले, तर तो फरक पुढच्या वर्षाच्या वहीत.

दुबईहून परतलेले आणि इथं निवासी ठरलेले आपले लोकही एकाच दरानं वर्षाचा पगार गुणतात. तिथं दर महिन्याला वेगळा दर लागतो, आणि महिना धरायचा तो पगार देय झाल्याचा. ऑगस्टअखेर देय झालेला पगार 1 सप्टेंबरला हातात पडला, तरी दर 31 जुलैचाच.