सहा टोप्या आणि आधीच ठरलेला निर्णय

धंदा कुठला करायचा हे मनात पक्कं झालेलं आहे, पण "आम्ही सगळ्या बाजूंनी विचार केला" असंही चारचौघांत म्हणता यायला हवं, अशी तुमची अडचण असेल तर एडवर्ड डी बोनो यांच्या सहा टोप्या मागवा. माल्टात जन्मलेल्या या डॉक्टरांनी १९८५ साली ही पद्धत पुस्तकातून मांडली. पांढरी टोपी माहितीची, लाल भावनेची, काळी धोक्याची, पिवळी फायद्याची, हिरवी नव्या कल्पनांची आणि निळी बैठक चालवण्याची. टोप्या खऱ्या लागत नाहीत, रंगाचं नाव घेतलं की भागतं.

समजा, रविवारी सकाळी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तुम्ही, तुमचे मेव्हणे, वहिनी आणि बँकेतून निवृत्त झालेले काका असे चौघं जमला आहात. पुढ्यात तीन कल्पना आहेत. पेठेत स्पर्धा परीक्षावाल्या मुलांसाठी अभ्यासिका, गोठवलेल्या पुरणपोळ्या घरपोच, आणि सोसायट्यांना पाण्याचा टँकर मिळवून देणारं ॲप. अभ्यासिका तुमची आहे. जागाही तुम्ही बघून ठेवली आहे, फक्त हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पहिलं काम, टोप्या माणसांना वाटून टाका. काका कायम काळी, वहिनी लाल, मेव्हणे पिवळी, कारण त्यांना टँकर ॲपमध्ये भागीदारी हवी आहे. डी बोनोंचं म्हणणं नेमकं उलटं होतं. एका वेळी सगळ्यांनी एकाच रंगाची टोपी घालायची, म्हणजे काळीच्या वेळी ज्याची कल्पना आहे त्यानेही तिच्यातले धोके शोधायचे, आणि पिवळीच्या वेळी काकांनीही फायदाच सांगायचा. असं झालं तर काकांच्या तोंडून तुमच्या अभ्यासिकेचं भलं निघेल आणि तुमच्या तोंडून तिची खोट. हे परवडणारं नाही. टोपी माणसाला कायमची चिकटवली की काका काहीही बोलले तरी "त्यांची काळी आहे ना" म्हणून सोडून देता येतं.

निळी टोपी अर्थातच स्वतःकडे ठेवा. कुठला रंग कधी आणि किती वेळ, हे तीच ठरवते. नियमाप्रमाणे वेळ थोडा असतो, साधारण माणशी एक मिनिट, म्हणजे चौघांना एका रंगासाठी चार मिनिटं. तीन कल्पना असतील तर तिघींना तेच रंग, त्याच क्रमाने आणि तेवढाच वेळ द्यायचा, नाहीतर तुलनाच होत नाही. तुम्ही अभ्यासिकेला पाऊण तास द्या, पुरणपोळीला पोहे येईपर्यंतचा वेळ, आणि टँकरला पोहे खातानाचा. पुरणपोळीच्या पांढऱ्या टोपीत वहिनींनी "एफएसएसएआयची नोंदणी लागेल, आणि गोठवलेली पोळी किती दिवस मऊ राहते ते तपासलेलं नाही" असं म्हटलं, तर ही माहितीतली उणीव आहे, धोका नव्हे. तिची नोंद करून ती कोण भरून काढणार हे ठरवायचं असतं. तुम्ही मात्र लगेच "म्हणजे अडचणच आहे" म्हणा आणि पुढच्या कल्पनेकडे वळा.

आता अभ्यासिका. पांढऱ्या टोपीखाली तुम्ही कागद काढा: साठ खुर्च्या, महिना बाराशे रुपये, म्हणजे बहात्तर हजार. भाडं पंचेचाळीस हजार, वीज बारा हजार, साफसफाई आणि इंटरनेट मिळून दहा हजार. शिल्लक पाच हजार. इथे कोणी विचारलं की साठ खुर्च्या बाराही महिने भरलेल्या राहतात हे मोजलेलं आहे की वाटतंय, तर ताबडतोब टोपी बदला. डी बोनो पांढऱ्या टोपीत तपासलेली माहिती आणि नुसती मानलेली माहिती वेगळी ठेवायला सांगत. परीक्षा झाली की मुलं गावी जातात. पंचेचाळीसच खुर्च्या भरल्या तर जमा चोपन्न हजार, खर्च मात्र तोच सदुसष्ट, म्हणजे महिन्याला तेरा हजारांचा खड्डा. हा हिशोब पांढऱ्या टोपीत निघाला तर आकडा म्हणून निघेल. पाच मिनिटांनी काळीत काकांनी मांडला तर तो काकांचा स्वभाव ठरेल. वेळ साधायला हवी ती इथे.

काळी पिवळीच्या आधी आणा, हेही विसरू नका. कल्पना तोलताना पिवळी आधी ठेवावी अशी रीत आहे, कारण धोके ऐकून झाल्यावर माणसाला फायदा शोधायचा उत्साह उरत नाही. टँकर ॲपला म्हणूनच उलटा क्रम लावा, काळी आधी. सोसायटीचा टँकरवाला समितीच्या ओळखीतला असतो, बिल महिनाअखेरीस निघतं आणि टँकर पहाटे लागतो, एवढं ऐकल्यावर मेव्हणे पिवळीत "चालेल हो" यापलीकडे जात नाहीत. पिवळीला कारण लागतं, नुसतं "चालेल" चालत नाही, हे त्यांना सांगू नका. अभ्यासिकेची मात्र पिवळी आधी घ्या आणि मुलांकडून मिळणाऱ्या तीन महिन्यांच्या अनामतीचं कारण ठासून सांगा.

हिरवी टोपी शक्यतो वगळाच. काळीने दाखवलेली भोकं बुजवायला ती काळीनंतर पुन्हा यायची असते. ती आली की वहिनी सहज म्हणून जातील, "एकच खुर्ची सकाळी एकाला आणि संध्याकाळी दुसऱ्याला का देत नाही? अर्ध्या दिवसाचे सातशे घ्या." साठपैकी तीस खुर्च्या अशा दोन पाळ्यांत गेल्या तर त्या तिसांचे बेचाळीस हजार होतात. उरलेल्या तिसांतल्या एकवीस पूर्णवेळ भरल्या की सदुसष्टचा खर्च निघतो. अशा सूचनेने तुमची कल्पना वाचते, हे खरं. पण मग ती वहिनींची होते. त्यापेक्षा तोट्यात गेलेली आणि पूर्णपणे स्वतःची बरी.

लाल टोपीचा नियम फार अवघड आहे. प्रत्येकाने तीसेक सेकंदांत काय वाटतं ते सांगायचं आणि कारण द्यायचंच नाही. पुण्यात "मला नाही आवडलं" एवढं बोलून गप्प बसणारा माणूस अजून सापडायचा आहे. तुमच्या वहिनींनी तसं म्हटलंच, तर लगेच "का?" विचारा. त्या कारण शोधतील, ते कच्चं निघेल, तुम्ही ते खोडाल, आणि त्यांची शंका गेली असं इतिवृत्तात लिहाल. बरोबर पद्धत म्हणजे चौघांनी चिठ्ठीवर आधी लिहायचं आणि मग एकदम उघडायच्या. पहिला माणूस बोलला की बाकीचे त्याच्याकडे बघून बोलतात, म्हणून. तेव्हा चिठ्ठ्या टाळा, आणि पहिले तुम्हीच बोला.

काका मध्येच चिडून म्हणाले, "अरे, काळी टोपी तू माझ्या डोक्यावर बसवलीस, आता निदान बोलू तरी दे," तर त्यांना नम्रपणे आठवण करून द्या की सध्या लाल चालू आहे.

शेवटी निळीचा समारोप. खरं तर इथे ठरायला हवं, की पेठेतल्या तीन अभ्यासिकांत परीक्षा संपल्यानंतरच्या आठवड्यात जाऊन रिकाम्या खुर्च्या कोण मोजणार, आणि मोजून आल्यावर पुन्हा कधी बसायचं. तुम्ही फक्त "एकमताने अभ्यासिका" लिहा, खाली तारीख टाका आणि मोजायला कोणाचंही नाव घालू नका. जागामालकाला टोकन मंगळवारीच द्यायचं आहे.